तक्रार निवारण धोरण: पायऱ्या, मुदती, समिती आणि सूडापासून संरक्षण

कारखान्यातील किंवा कार्यालयातील तक्रार निवारण धोरणात चार गोष्टी ठरलेल्या असतात: तक्रार आधी कोणाकडे द्यायची आणि तिथे दाद लागली नाही तर पुढे कोणाकडे, प्रत्येक ठिकाणी किती दिवसांत उत्तर मिळायला हवे, निवाडा करणाऱ्या समितीत कोण बसणार, आणि तक्रार केल्याबद्दल कामगाराला त्रास झाला तर त्यावर उपाय काय. पहिल्या तीन गोष्टी बहुतेक धोरणांत सापडतात. चौथीची बोळवण मात्र बहुधा एका वाक्यात केलेली असते, आणि धोरण मोडते तेही तिथेच.

भारतात या धोरणाचा कायदेशीर पाया औद्योगिक संबंध संहिता, 2020 च्या कलम 4 मध्ये आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. 20 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत एक किंवा अधिक तक्रार निवारण समित्या असणे तिने बंधनकारक केले आहे. आधीच्या औद्योगिक विवाद कायद्यात अशाच समितीची तरतूद 2010 च्या दुरुस्तीने आली होती. तक्रारीच्या पायऱ्या ठरवण्याची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. 1958 मध्ये भारतीय श्रम परिषदेत उद्योगांसाठी शिस्तसंहिता मान्य झाली आणि तिच्या जोडीने एक आदर्श तक्रार पद्धती आली. ती स्वेच्छेने पाळायची होती, तरीही तिचा सांगाडा आजच्या कितीतरी कंपन्यांच्या धोरणांत ओळखू येतो.

समितीचे काम वैयक्तिक तक्रारींपुरते आहे. एखाद्याचा पगार कमी निघाला, रजा नाकारली, बढतीत डावलले, पाळी बदलली, सुरक्षा साधने मिळाली नाहीत, असे विषय तिच्याकडे येतात. सर्वांच्या वेतनवाढीची मागणी हा संघटना आणि मालक यांच्यातील वाटाघाटीचा विषय आहे. लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडेच जाते. चांगले धोरण या सीमा सुरुवातीलाच आखते. चुकीच्या दारी आलेली तक्रार परत न पाठवता ती योग्य समितीकडे पोचवण्याची जबाबदारीही ते एखाद्या अधिकाऱ्यावर टाकते. आणखी एक सीमा आहे. संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापकीय कामे करणारे येत नाहीत आणि महिना 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षकही येत नाहीत. त्यामुळे सुपरवायझरची स्वतःची तक्रार असेल तर त्याला कायद्याची समिती उपलब्ध नसते. त्याच्यासाठी कंपनीने धोरणात वेगळी सोय केली नसेल, तर तो मधल्यामधेच अडकतो.

पायऱ्या कशा चालतात हे एका कल्पित उदाहरणावरून नीट कळेल. एका औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. त्यात 180 कामगार आहेत आणि त्यांपैकी 45 स्त्रिया. तिथल्या एका मशीन ऑपरेटरचे वेतन महिना 26,000 रुपये आहे. 26 दिवसांच्या हिशेबाने रोज 1,000 रुपये आणि आठ तासांच्या पाळीप्रमाणे तासाला 125 रुपये होतात. जून महिन्यात तिने 18 तास ओव्हरटाइम केला. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दुप्पट, म्हणजे तासाला 250 रुपये. तेव्हा तिला 4,500 रुपये मिळायला हवे होते. 7 जुलैला हातात आलेल्या पगारपत्रकात 2,250 रुपयेच लावलेले होते.

1958 च्या आदर्श पद्धतीप्रमाणे ती पहिल्यांदा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा लाइन सुपरवायझरकडे, जाईल. त्याने 48 तासांत उत्तर द्यायचे असते. उत्तर पटले नाही किंवा आलेच नाही, तर ती विभागप्रमुखाकडे जाईल. त्याच्यासाठी मुदत तीन दिवसांची. त्यानंतरची पायरी तक्रार समितीची. त्या पद्धतीत समितीने सात दिवसांत शिफारस करायची, व्यवस्थापनाने तीन दिवसांत निर्णय कळवायचा, त्यावर फेरविचाराची विनंती करता येई आणि शेवटचा मार्ग ऐच्छिक लवादाचा असे.

खालच्या दोन पायऱ्या ठेवण्यामागे साधे कारण आहे. पगारातली चूक, हजेरीतली गफलत, गेटपासचा घोळ या गोष्टी सुपरवायझरला दहा मिनिटांत दुरुस्त करता येतात. त्यासाठी समिती बोलावली तर समितीचा वेळ जातो आणि एरवी किरकोळ राहिली असती अशी कुरबूर भांडणापर्यंत जाते. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच पहिल्या पायरीवर बसलेला असेल, तर ती पायरी कामगाराला अडवून धरते. म्हणून संबंधित अधिकाऱ्याविरुद्धच तक्रार असेल तेव्हा ती पायरी वगळून थेट वर जाता येईल, असे कलम धोरणात असावे लागते. या उदाहरणात चूक वेतन विभागाची दिसते, त्यामुळे सुपरवायझरकडून सुरुवात करायला हरकत नाही. त्याने ‘ऑफिसला विचारतो’ म्हणून विषय सोडून दिला, तर 48 तासांनी तिला पुढे जाता आले पाहिजे आणि त्यासाठी त्याच्या परवानगीची गरज पडता कामा नये. मुदत संपली की वरची पायरी आपोआप खुली होते, हे वाक्य धोरणात लेखी नसेल तर आकडे छापूनही मुदतीला अर्थ उरत नाही.

समितीसाठी आता संहितेने मुदत घातली आहे. लेखी अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत समितीने काम पुरे करावे, असे त्यात म्हटले आहे. जुन्या कायद्यात 45 दिवस होते. उदाहरणातील ऑपरेटरने 8 जुलैला सुपरवायझरला, 10 जुलैला विभागप्रमुखाला आणि 14 जुलैला समितीला अर्ज दिला, तर समितीची मुदत 13 ऑगस्टला संपते. त्या तारखेपर्यंत निर्णय आला नाही तर ती कंपनीच्या बाहेर, समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. त्यासाठी 60 दिवस मिळतात, म्हणजे 12 ऑक्टोबरपर्यंत. हा अर्ज ती ज्या कामगार संघटनेची सभासद आहे तिच्यामार्फत करायचा आहे. कोणत्याच संघटनेत नसलेल्या कामगाराला ही अट जड जाते. अशा कारखान्यात तर अंतर्गत समिती नीट चालणे अधिकच गरजेचे ठरते.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, यावरून सर्वांत जास्त घोळ होतात. अर्ज हातात घेतला जातो, पण पोच दिली जात नाही. मग महिन्याभराने ‘अर्ज आमच्याकडे नोंदलाच गेला नव्हता’ असे उत्तर मिळते. काही ठिकाणी मनुष्यबळ विभाग आधी ‘प्राथमिक पडताळणी’ करतो आणि ती झाल्यावरच तक्रारीला क्रमांक पडतो. मधले पंधरा दिवस कुठल्याच हिशेबात येत नाहीत. यावर उपाय मोठा नाही. अर्ज घेताक्षणी तारीख आणि क्रमांक असलेली पोच द्यायची, मुदत पोचेच्या तारखेपासून मोजायची आणि ‘दिवस’ म्हणजे कामाचे दिवस की कॅलेंडरचे दिवस, हे लिहून ठेवायचे. संहितेत 30 दिवस एवढेच शब्द आहेत, तेव्हा समितीची मुदत कॅलेंडरच्या दिवसांनीच धरणे योग्य. कारखान्याचे धोरण वाचताना हे एक कलम शोधावे. ते कसे लिहिले आहे यावरून धोरण किती विचारपूर्वक केले आहे ते लगेच कळते.

तक्रार करण्याची मुदतही अशीच लक्षपूर्वक पाहावी लागते. कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत समितीकडे अर्ज करता येतो, असे संहिता सांगते. तरीही ‘घटनेपासून सात दिवसांत तक्रार न केल्यास ती विचारात घेतली जाणार नाही’ अशी वाक्ये धोरणांत आढळतात. तक्रार लवकर करा, असा आग्रह कंपनीने जरूर धरावा. पण कायद्याने दिलेले वर्ष कंपनीच्या परिपत्रकाने आठवड्यावर आणता येत नाही.

जुन्या धोरणांचे आणखी एक अवशेष धोक्याचे आहे. 2010 च्या तरतुदीत समितीच्या निर्णयाविरुद्ध मालकाकडे अपील करता येई आणि मालकाने ते महिन्याभरात निकालात काढायचे असे. नव्या संहितेत ही पायरी नाही. समितीनंतर थेट समेट अधिकारी येतो. कंपनीने स्वतःहून कार्यकारी संचालकाकडे अपिलाची सोय ठेवली तर त्यात वावगे काही नाही, मात्र 60 दिवसांची मुदत त्यासाठी थांबत नाही. अपिलाच्या निकालाची वाट पाहण्यात महिना गेला की बाहेर दाद मागण्याची निम्मी मुदत संपलेली असते. असे अपील ऐच्छिक आहे आणि त्यामुळे पुढची मुदत लांबत नाही, हे धोरणात ठळकपणे लिहायला हवे.

आता समितीची रचना. मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात आणि एकूण सदस्य दहापेक्षा जास्त नसतात. जुन्या कायद्यात ही कमाल संख्या सहा होती. अध्यक्षपद आळीपाळीने फिरते: एक वर्ष मालकाच्या बाजूचा सदस्य अध्यक्ष, तर पुढच्या वर्षी कामगारांच्या बाजूचा. स्त्रियांचे प्रतिनिधित्व पुरेसे असावे आणि एकूण कामगारांत स्त्रियांचे जे प्रमाण आहे त्यापेक्षा ते कमी नसावे, अशी अट आहे. उदाहरणातल्या कारखान्यात 180 पैकी 45, म्हणजे चौथा हिस्सा स्त्रिया आहेत. आठ जणांची समिती केली तर तीत किमान दोन स्त्रिया हव्यात. त्या दोघी मालकाच्या बाजूने नेमलेल्या अधिकारी असल्या तर संख्येचा हिशेब जुळेल, पण मशीनवर उभ्या असलेल्या बाईला त्या आपल्यातल्या वाटतील असे नाही. म्हणून त्यांतली निदान एक कामगारांच्या बाजूची असावी.

कामगारांचे प्रतिनिधी कोण ठरवतो, यावर समितीची विश्वासार्हता अवलंबून असते. संघटना असेल तर तिने नावे द्यावीत. नसेल तर कामगारांनी आपसांत निवड करावी. मनुष्यबळ व्यवस्थापकाने ‘शांत स्वभावाचे’ चार जण निवडून समिती बसवली, तर कागदावर समसमान दिसणारी समिती प्रत्यक्षात एकाच बाजूची होते. अशी समिती ओळखणे अवघड नाही. तिच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे एकही तक्रार नसते, किंवा सगळ्या तक्रारी ‘समजूत काढून मिटवल्या’ या एका शेऱ्याने बंद झालेल्या असतात.

समान संख्येच्या समितीत मते सम-समान पडून गाडे अडण्याचा धोका असतो. संहितेने त्यावर एक विशेष नियम घातला आहे. निर्णय बहुमताने व्हायचा, मात्र कामगारांच्या प्रतिनिधींपैकी अर्ध्याहून अधिक जणांची त्याला संमती असली पाहिजे. नाहीतर निर्णय झालाच नाही असे मानले जाते. आठ जणांच्या समितीत हे कसे घडते ते पाहू. ऑपरेटरची तक्रार फेटाळावी असे मालकाच्या चौघांना वाटते आणि कामगारांच्या बाजूचा एक जण त्यांच्याकडे वळतो. पाच विरुद्ध तीन, म्हणजे साधे बहुमत झाले. पण कामगारांच्या चार प्रतिनिधींपैकी एकाचीच संमती आहे आणि अर्ध्याहून अधिक म्हणजे किमान तीन हवेत. तेव्हा तक्रार फेटाळली गेली असे म्हणता येणार नाही. उलट कामगारांचे चौघे एकत्र राहिले तरी आठात ते बहुमत होत नाही. मालकाच्या बाजूचा एक तरी सदस्य त्यांच्याबरोबर यावा लागतो. परिणाम असा की कोणत्याही एका बाजूला एकट्याच्या जोरावर निर्णय रेटता येत नाही. कामगाराच्या प्रतिनिधींना न पटणारा निर्णय तर ‘समितीचा निर्णय’ म्हणून पुढे करताच येत नाही.

हितसंबंधाचा नियम संहितेत तपशिलाने नाही. तो धोरणाने घालायचा आहे. तक्रार ज्या विभागाची असेल त्या विभागाचा प्रमुख समितीत असल्यास त्याने त्या प्रकरणापुरते बाजूला व्हावे आणि त्याच्या जागी त्याच बाजूचा पर्यायी सदस्य यावा. पर्यायी सदस्यांची नावे आधीच ठरलेली नसली, तर एक जण उठला की दोन्ही बाजूंची संख्या असमान होते आणि निर्णयावर आक्षेप घ्यायला जागा मिळते. या उदाहरणात वेतन विभागाचा प्रमुख समितीत असेल तर त्याने माहिती द्यायला जरूर यावे, मतदानात मात्र भाग घेऊ नये.

समितीपुढे पुरावा काय यायला हवा, हे तक्रारीवर अवलंबून असते. ओव्हरटाइमच्या वादात तीन कागद पुरतात: हजेरी यंत्रावरच्या नोंदी, ओव्हरटाइमची नोंदवही आणि पगारपत्रक. यांतले पहिले दोन कंपनीकडे असतात. ते समितीपुढे ठेवण्याची जबाबदारी कंपनीची आहे आणि ते न दिल्यास कामगाराचा हिशेब ग्राह्य धरला जाईल, असे धोरणात असले तर 30 दिवस सहज पुरतात. निर्णयही कारणांसह लेखी असावा: 18 तास मान्य, दर दुप्पट, देय रक्कम 4,500 रुपये, दिलेली रक्कम 2,250 रुपये, बाकी 2,250 रुपये पुढच्या पगारात. अंमलाची तारीख नसलेला निर्णय ही अर्धीच दाद असते.

पैसे मिळाले म्हणजे प्रकरण संपले, असे होत नाही. समजा, ऑगस्टच्या शेवटी त्या ऑपरेटरची सलग रात्रपाळी लागली. सप्टेंबरमध्ये तिला पाच मिनिटे उशिरा आल्याबद्दल मेमो मिळाला. तोवर ओव्हरटाइमच्या यादीतून तिचे नावही गळालेले होते. प्रत्येक गोष्टीला वेगळे कारण देता येते: उत्पादनाची निकड, शिस्त, कामाचे वाटप. सूड बहुधा अशाच रीतीने घेतला जातो. बडतर्फीचा आदेश फार क्वचित निघतो; रोजच्या कामात छोटे छोटे अडथळे उभे राहतात.

कायदा यातला काही भाग पकडतो. आकसाने कामगाराला काढून टाकणे आणि व्यवस्थापनाच्या धोरणाच्या आडून वाईट हेतूने बदली करणे, या दोन्ही गोष्टी औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत. महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्यासाठी आणि अनुचित प्रथा रोखण्यासाठी 1971 मध्ये झालेल्या राज्य कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतही त्या आहेत. औद्योगिक विवादाच्या चौकशीत मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून कामगाराला काढणे किंवा त्याच्याशी भेदभाव करणे, हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. समेट अधिकारी किंवा न्यायाधिकरण यांच्यापुढे प्रकरण चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगाराचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येत नाहीत, हेही संरक्षण संहितेच्या कलम 90 मध्ये आहे.

मात्र ही तरतूद शब्दशः वाचली की एक फट दिसते. संरक्षण समेट आणि न्यायाधिकरणाच्या टप्प्याचे आहे. कारखान्यातल्या समितीपुढे चालू असलेल्या तक्रारीचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे 8 जुलैपासून समेट अधिकाऱ्याकडे जाईपर्यंतचा काळ, ज्यात सुपरवायझर आणि विभागप्रमुख रोज समोर असतात, तोच सर्वांत उघडा राहतो. ही फट भरून काढणे धोरणाच्या हातात आहे.

त्यासाठी ‘तक्रारदाराला त्रास दिला जाणार नाही’ एवढे म्हणून भागत नाही. त्रास म्हणजे काय ते नावानिशी लिहावे लागते: बदली, पाळीतला बदल, ओव्हरटाइम काढून घेणे, मूल्यमापनात गुण कमी करणे, रजा नाकारणे, मेमो देणे, कंत्राटी कामगाराच्या बाबतीत त्याचा करार न वाढवणे. तक्रार दाखल झाल्यापासून निर्णयानंतर ठरावीक काळापर्यंत, उदाहरणार्थ सहा महिने, यांतली कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन समितीच्या अध्यक्षाला कळवावे, असा नियम करता येतो. शिस्तीची कारवाई त्यामुळे थांबत नाही. चोरी किंवा मारहाण केलेल्या कामगाराला तक्रारीचे कवच मिळू नये, हे रास्तच आहे. फक्त कारवाईचे कारण आधी दाखवावे लागते.

सूड ओळखण्याच्या खुणाही ठरवता येतात. कारवाई तक्रारीनंतर किती दिवसांनी झाली? पाच मिनिटांच्या उशिराबद्दल त्या महिन्यात आणखी कोणाला मेमो दिला गेला का? रात्रपाळी सगळ्यांना पाळीपाळीने लागते की फक्त तिलाच? कारवाई करणाऱ्याला तक्रारीची माहिती होती का? आधीच्या वर्षांत तिच्या नोंदीत काही डाग होता का? या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्याच कागदांत असतात. म्हणून त्रास तक्रारीमुळे झालेला नाही हे दाखवण्याचा भार व्यवस्थापनावर टाकणे न्याय्य आहे. उदाहरणातल्या कारखान्यात सप्टेंबरमध्ये दहा जण पाच-दहा मिनिटे उशिरा आले आणि मेमो एकीलाच मिळाला असेल, तर मेमोवर कारण काहीही लिहिलेले असो, ते टिकत नाही.

सुडाची तक्रार हा वेगळा विषय म्हणून, पुन्हा पहिल्या पायरीपासून, चालवायला लावणे म्हणजे त्रास देणाऱ्याच्याच दारी परत पाठवणे. ती थेट समितीकडे जावी आणि समितीला अंतरिम उपाय सुचवता यावेत: मेमो निर्णयापर्यंत स्थगित, पाळी पूर्ववत, मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात चौकशीदरम्यान तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची किंवा दोघांपैकी एकाची बदली करण्याची शिफारस करता येते. पण ती तक्रारदाराने लेखी मागितल्यावरच. हा क्रम सर्वसाधारण धोरणानेही उचलावा. नाहीतर ‘तुझ्याच सोयीसाठी’ म्हणून तक्रार करणारीलाच दुसऱ्या विभागात हलवले जाते आणि संरक्षणाच्या नावाखाली शिक्षा होते.

हेच संरक्षण साक्षीदारांना, तक्रारदाराला मदत करणाऱ्या सहकाऱ्याला आणि समितीतल्या कामगार प्रतिनिधींना मिळायला हवे. ओव्हरटाइमच्या दिवशी शेजारच्या मशीनवर असलेला कामगार ‘ती रात्री आठपर्यंत होती’ असे सांगायला घाबरला, तर नोंदवहीत खाडाखोड करणे सोपे जाते.

राहतो खोट्या तक्रारींचा प्रश्न. बऱ्याच धोरणांत ‘तक्रार सिद्ध न झाल्यास कारवाई केली जाईल’ असे कलम असते आणि बाकीची सगळी आश्वासने त्या एका ओळीने पुसली जातात. सिद्ध न होणे आणि खोटे असणे यांत फार अंतर आहे. 2013 च्या कायद्याच्या कलम 14 मध्ये हे अंतर नेमके पाळलेले आहे. केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही, आणि दुष्ट हेतू होता हे स्वतंत्र चौकशीत ठरावे लागते. तीच भाषा तक्रार निवारण धोरणात घेतली, तर 2,250 रुपयांचा हिशेब चुकलेल्या कामगारालाही, आपला हिशेब खरा की कंपनीचा हे माहीत नसताना, निर्धास्तपणे अर्ज देता येतो.